प्रवासखर्चाच्या बिलावरचे टिपण कसे लिहावे: मेळघाटातील एका दौऱ्याचा हिशेब

दौऱ्याहून परतल्यावर खर्चाचा फॉर्म भरला आणि त्यामागे पावत्या टाचल्या की काम संपले, असे नव्या कर्मचाऱ्यांना वाटते. प्रत्यक्षात बिल लेखा विभागात अडकते ते बहुधा बेरजेमुळे नाही. ज्या गोष्टींना फॉर्ममध्ये जागाच नसते, त्यांच्यामुळे ते अडते. एक रात्र जास्त का राहावे लागले, काळी-पिवळीची पावती का नाही, तिकिटावर निम्मेच भाडे का दिसते, ऑटोचे पैसे मोबाइलवरून दिले तर त्याला पुरावा काय, हे प्रश्न अमरावतीच्या किंवा नागपूरच्या कार्यालयात बसलेल्या लेखापालाला पडतात आणि त्यांची उत्तरे फक्त दौरा करणाऱ्यालाच ठाऊक असतात. बिलाच्या सर्वांत वर लावायचे एक पानी टिपण ही उत्तरे प्रश्न येण्याआधी देण्यासाठी असते. संस्थांच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांची अशी बिले तपासण्याचे काम मी करतो, आणि ज्या बिलावर नीट टिपण असते ते माझ्या टेबलावरून त्याच दिवशी पुढे जाते.

येथे एकच दौरा घेऊन टिपण टप्प्याटप्प्याने तयार करू. धारणी तालुक्यातील बैरागड येथे काम करणारी एका आरोग्य प्रकल्पाची क्षेत्र समन्वयक नागपूरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी गेली, असे समजा. प्रशिक्षण ११ आणि १२ फेब्रुवारी २०२६ रोजी होते. ती १० तारखेला पहाटे निघाली आणि मंजूर दौऱ्याप्रमाणे १२ तारखेला परतायची होती, पण परतली १३ तारखेला दुपारी. निघताना तिने ४,००० रुपये अग्रिम घेतला होता. उदाहरणातील भाडी, दर आणि भत्त्याचे नियम हिशेब समजण्यापुरते घेतलेले आहेत. आपल्या संस्थेचे प्रवास नियम वेगळे असतील, आणि टिपण लिहिताना तेच समोर ठेवावे लागतील.

पहिली पायरी: प्रवासातच कागद सांभाळणे

टिपण परतल्यावर लिहिले जाते, पण त्याचा आधार रस्त्यात गोळा होतो. एसटीचे वाहक यंत्रातून काढून देतात ते तिकीट थर्मल कागदावरचे असते. या कागदावर शाई नसते. उष्णतेने रंग बदलणाऱ्या रसायनाच्या थरावर अक्षरे उमटतात. म्हणून उन्हात, प्लास्टिकच्या पाकिटात किंवा गोंदाच्या संपर्कात ती फिकी होतात, आणि उलट जास्त उष्णता लागली तर सगळा कागदच काळवंडतो. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत दुचाकीच्या डिकीत राहिलेले तिकीट आठवड्याभरात वाचता येत नाही. यासाठी तिकीट मिळाल्याबरोबर मोबाइलवर त्याचा स्पष्ट फोटो घ्यावा आणि मुक्कामी पोचल्यावर किंवा परतल्यावर लगेच झेरॉक्स काढावी. बिलाला मूळ तिकीट आणि झेरॉक्स दोन्ही जोडावीत. मूळ तिकीट चिकटवायचेच असेल तर फक्त वरची कड चिकटवावी, छापलेल्या भागाला गोंद लागू देऊ नये.

तिकीट हातात येताच त्यावरच्या प्रवाशांच्या संख्येकडेही पाहावे. सहकारी बरोबर असला की वाहक अनेकदा दोघांचे मिळून एकच तिकीट देतो. मग दोघेही आपापल्या बिलात तीच रक्कम मागतात, किंवा दुसऱ्याने मागितली असेल असे समजून कोणीच मागत नाही. शक्य असेल तर तिकिटे वेगळी मागावीत. एकच तिकीट निघाले असेल तर कोणाच्या बिलात ते लावले आहे आणि सोबत कोण होते, हे दोघांच्याही टिपणात लिहावे.

लॉजचे बिल खोली सोडतानाच, काउंटरवर उभे राहून वाचावे, कारण बैरागडला परतल्यावर नागपूरच्या लॉजकडून दुरुस्त बिल मिळवणे फार कठीण जाते. बिलावर लॉजचे छापील नाव व पत्ता, बिल क्रमांक, तारीख, राहणाऱ्याचे नाव, येण्याची व जाण्याची तारीख आणि वेळ, एका रात्रीचा दर, रात्रींची संख्या आणि पैसे मिळाल्याची सही हवी. संस्थेचे नाव बिलावर घालायचा नियम असेल तर ते खोली घेतानाच सांगावे. लॉज जीएसटी आकारत असेल तर बिलावर त्यांचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक हवाच; महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ या अंकांनी सुरू होतो. ज्या बिलावर कर लावला आहे पण क्रमांक नाही, ते बिल लेखापाल परत पाठवणार हे नक्की समजावे, कारण नोंदणी नसलेल्याला जीएसटी वसूल करता येत नाही. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या छोट्या लॉजला नोंदणी बंधनकारक नाही. तिथले बिल कर न लावता येते, आणि त्यात काही वावगे नाही. ‘अंदाजपत्रक’ किंवा नुसता हिशेब लिहिलेली चिठ्ठी मात्र बिल म्हणून धरली जात नाही.

दुसरी पायरी: कागदांना क्रमांक देणे

परतल्यावर सर्व कागद तारखेप्रमाणे लावावेत. प्रवासखर्च प्रकाराप्रमाणे लावायचा, म्हणजे सगळी एसटीची तिकिटे एकत्र, सगळी लॉजची बिले एकत्र, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण मला ती तपासणीसाठी गैरसोयीची वाटते. लेखापाल बिल तपासतो तेव्हा तो मनातल्या मनात आपल्याबरोबर तो प्रवास करत असतो. सकाळी कुठून निघाले, दुपारी कुठे होते, रात्री कुठे झोपले, या क्रमाने कागद आले तर वगळलेला किंवा दोनदा धरलेला टप्पा त्याला आणि त्याआधी आपल्यालाही दिसतो. प्रकाराप्रमाणे बेरीज खातेवहीत नोंद करताना लागते, म्हणून ती टिपणाच्या शेवटी वेगळी द्यावी.

लहान तिकिटे कोऱ्या ए-फोर कागदावर, एकावर एक न येतील अशी लावावीत आणि प्रत्येकाशेजारी कागदाच्या मोकळ्या जागेत पा-१, पा-२ असे क्रमांक घालावेत. तिकिटावर किंवा बिलावर स्वतः काही लिहू नये. लेखापरीक्षकाच्या नजरेला ती खाडाखोड वाटते. ज्या खर्चाला पावती नाही त्याला प्र-१, प्र-२ असे वेगळे क्रमांक द्यावेत. हेच क्रमांक टिपणाच्या तक्त्यात येतील. पैसे कार्डाने किंवा यूपीआयने दिले असतील तर बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा हे दोन कागद एकाच खर्चाचे असतात, त्यामुळे त्यांना पा-३ आणि पा-३अ असे जोडक्रमांक द्यावेत. या दोन कागदांना वेगळे क्रमांक दिल्यामुळे एकच रक्कम दोनदा बेरजेत गेल्याची बिले दर वर्षी सापडतात.

तिसरी पायरी: प्रयोजन लिहिणे

‘प्रशिक्षणासाठी नागपूर दौरा’ एवढ्या ओळीवरून लेखापालाला काहीच ठरवता येत नाही. त्याला हा खर्च एखाद्या प्रकल्पाच्या एखाद्या अंदाजपत्रकीय शीर्षाखाली टाकायचा असतो, आणि निधी देणाऱ्या संस्थेच्या लेखापरीक्षकाने विचारले तर तो तिथेच का टाकला हे दाखवायचे असते. म्हणून प्रयोजनात चार गोष्टी याव्यात: कोणी बोलावले किंवा पाठवले, कोणत्या कामासाठी, तो खर्च प्रकल्पाच्या कोणत्या शीर्षात बसतो, आणि आपण तिथे प्रत्यक्ष हजर होतो याचा कोणता कागद आहे. निमंत्रण पत्राचा जावक क्रमांक व दिनांक, दौरा मंजुरीचा दिनांक आणि प्रशिक्षणाच्या उपस्थिती प्रमाणपत्राचा उल्लेख एवढ्याने हे काम होते. शीर्षाचे नाव आपल्या मनाने लिहू नये. प्रकल्प व्यवस्थापकाकडून मंजूर अंदाजपत्रकातले नेमके नाव आणि क्रमांक विचारून घ्यावा. चुकीच्या शीर्षाखाली आलेले बरोबर बिलही परत जाते.

एकाच दौऱ्यात दोन प्रकल्पांची कामे झाली असतील, उदाहरणार्थ प्रशिक्षणानंतर दुसऱ्या प्रकल्पासाठी नागपुरात एका कार्यालयाला भेट दिली असेल, तर तेही इथेच सांगावे आणि कोणता खर्च कोणाकडे टाकायचा याचा आधार द्यावा. एसटीचे भाडे ज्या कामासाठी दौरा मंजूर झाला त्याकडे आणि दुसऱ्या कामासाठीचा फक्त वाढीव ऑटोखर्च दुसरीकडे, अशी विभागणी सहसा मान्य होते.

चौथी पायरी: पावती नसलेल्या खर्चाचे प्रमाणपत्र

ग्रामीण विदर्भातल्या बिलांत सर्वांत जास्त शंका इथेच येतात, त्यामुळे या पायरीला थोडा वेळ द्यावा. बैरागडहून धारणीला येणारी काळी-पिवळी पावती देत नाही, नागपुरातला ऑटोवालाही देत नाही, आणि हे लेखापालालाही माहीत असते. तो पावतीचा हट्ट धरत नाही. ज्या खर्चाला पावती मिळूच शकत नाही तो खर्च खरोखर झाला आणि आवश्यक होता, एवढे लेखी आणि सहीनिशी त्याला हवे असते.

म्हणून पावती नसलेल्या प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र ओळ लिहावी. तिच्यात तारीख, कुठून कुठे, वाहन, रक्कम, पैसे रोख दिले की यूपीआयने, आणि पावती का मिळाली नाही हे यावे. ‘स्थानिक प्रवास ४६० रुपये’ अशी एकत्रित रक्कम लिहिली तर ती कितीही खरी असली तरी तपासता येत नाही, आणि जी रक्कम तपासता येत नाही ती कापली जाते. उलट तीच रक्कम सहा ओळींत, ज्या त्या तारखेला आणि टप्प्याला जोडून लिहिली तर तिच्याविषयी विचारण्यासारखे काही उरत नाही. यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडावा, पण त्याला पावती समजू नये. त्यावर रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक आणि घेणाऱ्याचे नाव दिसते. प्रवास कुठून कुठे केला हे दिसत नाही. ती उणीव प्रमाणपत्राची ओळ भरून काढते. आपल्या संस्थेत पावतीविना किती रकमेपर्यंत खर्च चालतो ही मर्यादाही आधी पाहून घ्यावी आणि टिपणात तिचा उल्लेख करावा.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे कोरे पावतीपुस्तक आणून ऑटोच्या किंवा जेवणाच्या पावत्या स्वतः लिहू नयेत, मग कोणी वरिष्ठाने ‘तशीच पद्धत आहे’ असे सांगितले तरीही. अशा पावत्या ओळखू येतात: वेगवेगळ्या तारखांच्या आणि गावांच्या पावत्यांचे छापील क्रमांक लागोपाठचे असतात, अक्षर एकच असते, शाई एकच असते आणि रकमा बहुधा गोल असतात. असे एक पान सापडले की त्या माणसाची मागची सगळी बिले पुन्हा उघडली जातात. ज्या खर्चासाठी प्रामाणिक प्रमाणपत्र पुरेसे होते, त्यासाठी बनावट कागद तयार करून नोकरी धोक्यात घालण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

पाचवी पायरी: नियमापेक्षा वेगळे घडले ते स्वतः सांगणे

माझ्या मते टिपणाचा खरा उपयोग या परिच्छेदात आहे. मंजूर दौऱ्यात परतीची तारीख १२ होती आणि बिलात अमरावतीच्या लॉजचे १२ तारखेचे ७०० रुपये आहेत, हे लेखापालाला पहिल्या मिनिटात दिसणार. कारण दिलेले नसेल तर तो बिल बाजूला ठेवतो, पत्र पाठवतो, उत्तर यायला आठवडा जातो. म्हणून मंजुरीपेक्षा किंवा मर्यादेपेक्षा वेगळे जे जे आहे ते एका वेगळ्या परिच्छेदात, काय घडले, कोणी परवानगी दिली, त्यामुळे खर्च किती वाढला आणि दुसरा पर्याय काय होता, या क्रमाने लिहावे.

आपल्या उदाहरणात प्रशिक्षण साडेपाचला संपले, एसटी रात्री नऊच्या सुमारास अमरावतीला पोचली आणि त्यानंतर धारणीकडे जाणारी गाडी नव्हती. समन्वयकाने नागपूर सोडण्याआधीच प्रकल्प व्यवस्थापकांना मोबाइलवर संदेश पाठवून मुक्कामाची परवानगी घेतली आणि त्या संदेशाची छापील प्रत बिलाला जोडली. खास गाडी करून रात्री धारणी गाठण्यापेक्षा किंवा नागपुरातच तिसरी रात्र राहण्यापेक्षा अमरावतीचा मुक्काम स्वस्त होता, हे आकड्यानिशी सांगता येते, कारण नागपूरच्या लॉजची एक रात्र करासह १,०५० रुपयांची होती. तोंडी परवानगी असेल तर परतल्यावर निदान एक ईमेल लिहून ती लेखी करून घ्यावी.

याच परिच्छेदात वरवर विचित्र दिसणाऱ्या पण नियमात बसणाऱ्या गोष्टीही सांगाव्यात. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे भाडे पडते. त्यामुळे त्याच मार्गाने गेलेल्या पुरुष सहकाऱ्याच्या बिलात आणि हिच्या बिलात भाड्याचा आकडा वेगळा दिसतो. दरपत्रक पाहून पूर्ण भाडे लिहिले तर तिकीट आणि फॉर्म जुळत नाहीत आणि साधी चूक गंभीर आक्षेप होऊन बसते. मागणी नेहमी तिकिटावर छापलेल्या रकमेचीच करावी आणि सवलतीचा उल्लेख एका वाक्यात करावा. दैनिक भत्त्याचेही तसेच आहे. प्रशिक्षणात दुपारचे जेवण आयोजकांनी दिले असेल तर तेवढी कपात आपणच करून दाखवावी. प्रशिक्षणाच्या कार्यक्रमपत्रिकेत जेवणाची सुट्टी छापलेली असते आणि लेखापाल ती वाचतो.

सहावी पायरी: टिपण प्रत्यक्ष लिहिणे

वरच्या सर्व गोष्टी एका पानात अशा बसतात.

प्रति, लेखा विभाग
विषय: नागपूर येथील प्रशिक्षण दौऱ्याचे (१० ते १३ फेब्रुवारी २०२६) प्रवासखर्च देयक, एकूण ४,६३० रुपये
सादरकर्ती: (नाव), क्षेत्र समन्वयक, बैरागड, ता. धारणी, जि. अमरावती

प्रयोजन: (आयोजक संस्था) यांच्या पत्र क्र. (…) दि. (…) नुसार ११ व १२ फेब्रुवारी रोजी नागपूर येथे झालेल्या कुपोषण व्यवस्थापन प्रशिक्षणास उपस्थित राहिले. दौऱ्यास प्रकल्प व्यवस्थापकांची दि. (…) ची मंजुरी आहे. खर्च अंदाजपत्रकातील ‘कर्मचारी प्रशिक्षण’ शीर्ष क्र. (…) खाली टाकावा. निमंत्रण पत्र, दौरा मंजुरी, कार्यक्रमपत्रिका व उपस्थिती प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

| क्र. | तारीख | तपशील | कागद | रुपये |
|---|---|---|---|---|
| १ | १० फेब्रु. | बैरागड ते धारणी, काळी-पिवळी, रोख | प्र-१ | ६० |
| २ | १० फेब्रु. | धारणी ते अमरावती, एसटी | पा-१ | १२५ |
| ३ | १० फेब्रु. | अमरावती ते नागपूर, एसटी | पा-२ | १३५ |
| ४ | १० फेब्रु. | बसस्थानक ते लॉज, ऑटो, यूपीआय | प्र-२ | ८० |
| ५ | ११ फेब्रु. | लॉज ते प्रशिक्षण केंद्र, जाणे-येणे, ऑटो, रोख | प्र-३ | १२० |
| ६ | १०–१२ फेब्रु. | नागपूर लॉज, २ रात्री (२,००० + जीएसटी १००) | पा-३ | २,१०० |
| ७ | १२ फेब्रु. | लॉज ते प्रशिक्षण केंद्र, ऑटो, रोख | प्र-४ | ६० |
| ८ | १२ फेब्रु. | प्रशिक्षण केंद्र ते बसस्थानक, ऑटो, यूपीआय | प्र-५ | ८० |
| ९ | १२ फेब्रु. | नागपूर ते अमरावती, एसटी | पा-४ | १३५ |
| १० | १२–१३ फेब्रु. | अमरावती लॉज, १ रात्र (जीएसटी नोंदणी नाही) | पा-५ | ७०० |
| ११ | १३ फेब्रु. | अमरावती ते धारणी, एसटी | पा-६ | १२५ |
| १२ | १३ फेब्रु. | धारणी ते बैरागड, काळी-पिवळी, रोख | प्र-६ | ६० |
| १३ | १०–१३ फेब्रु. | दैनिक भत्ता (३०० + २०० + २०० + १५०) | नियमानुसार | ८५० |
| | | एकूण | | ४,६३० |

शीर्षवार बेरीज: एसटी ५२०, स्थानिक प्रवास ४६०, निवास २,८००, दैनिक भत्ता ८५०, एकूण ४,६३०.

खुलासा: (अ) दौरा १२ फेब्रुवारीपर्यंत मंजूर होता. त्या दिवशी प्रशिक्षण सायंकाळी ५.३० वाजता संपले व अमरावतीस रात्री ९ वाजता पोचल्यावर धारणीकडे जाणारी बस नसल्याने तेथे मुक्काम केला. प्रकल्प व्यवस्थापकांची त्याच दिवशी घेतलेली परवानगी जोडली आहे. यामुळे निवासाचे ७०० व दैनिक भत्त्याचे १५० असा ८५० रुपयांचा वाढीव खर्च झाला. (आ) एसटीची चारही तिकिटे महिला सवलतीच्या निम्म्या भाड्याची आहेत. (इ) ११ व १२ फेब्रुवारी रोजी दुपारचे जेवण आयोजकांकडून मिळाल्याने भत्त्यातून प्रत्येकी १०० रुपये कमी केले आहेत. १३ फेब्रुवारीचा प्रवास बारा तासांपेक्षा कमी असल्याने निम्मा भत्ता धरला आहे.

प्रमाणपत्र: प्र-१ ते प्र-६ येथील ४६० रुपयांचा खर्च मी प्रत्यक्ष केला असून वाहनचालक पावती देत नसल्याने पावती जोडता आली नाही. यूपीआयने दिलेल्या दोन रकमांचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. या खर्चाची मागणी अन्य कोणाकडे केलेली नाही.

हिशेब: एकूण खर्च ४,६३०, घेतलेला अग्रिम ४,०००, मला देय ६३० रुपये (अक्षरी सहाशे तीस रुपये फक्त).

सही, दिनांक. शिफारस: प्रकल्प व्यवस्थापक, सही, दिनांक.

या नमुन्यातील लॉजच्या कराचा आकडा असा तपासावा. एका रात्रीचे १,००० रुपये, दोन रात्रींचे २,०००. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे केंद्राचा अडीच टक्क्यांनी ५० आणि राज्याचा ५०. बिलावर ११ तारखेची एकच रात्र किंवा तीन दिवस असे लिहिले असेल तर आकडा जुळणार नाही. लॉजवाले कधी ‘दिवस’ मोजतात आणि संस्थेचे नियम रात्री मोजतात, त्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो.

सातवी पायरी: देण्याआधीची पडताळणी

तक्त्यातील पा क्रमांकांची बेरीज वेगळी करून पाहावी. इथे ती ३,३२० आहे. प्र क्रमांकांचे ४६० आणि भत्त्याचे ८५० त्यात मिळवले की ४,६३० येतात. शीर्षवार बेरीजही तेवढीच आली पाहिजे. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तर बेरजेची चूक राहण्याची शक्यता फार कमी होते. त्यानंतर फॉर्मवरची एकूण रक्कम, टिपणाच्या विषयातली रक्कम आणि शेवटच्या हिशेबातली रक्कम एकच आहे ना, हे पाहावे. संगणकावर मागच्या दौऱ्याचे टिपण उघडून त्यातच बदल केले असतील तर विषयातली जुनी तारीख किंवा रक्कम तशीच राहते, म्हणून विषयाची ओळ सर्वांत शेवटी पुन्हा वाचावी.

प्रकल्प व्यवस्थापकांची सही लेखा विभागात जाण्याआधीच घ्यावी आणि तिच्याखाली तारीख असल्याची खात्री करावी. काम झाले का, हे लेखापाल ठरवू शकत नाही. ते व्यवस्थापकांच्या सहीवर ठरते. लेखापाल नियम आणि कागद तेवढे पाहतो. मिळणारी रक्कम रोख असून ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर पैसे मिळाल्याच्या सहीखाली १ रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे लागते. या उदाहरणात ६३० रुपयेच असल्याने त्याची गरज नाही.

बिल किती दिवसांत द्यायचे हे संस्थेच्या नियमात असते, पण फेब्रुवारी आणि मार्चमधल्या दौऱ्यांची बिले त्या मुदतीची वाट न पाहता द्यावीत. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते, अनेक प्रकल्पांचा निधीही त्याच दिवशी बंद होतो, आणि एप्रिलमध्ये आलेले फेब्रुवारीचे बिल कितीही निर्दोष असले तरी ते टाकायला शीर्षच उरलेले नसते.

सर्व संच देण्याआधी त्याचे स्कॅन करून एकच पीडीएफ आपल्याकडे ठेवावी. धारणीहून कागद टपालाने किंवा कोणाच्या हाती पाठवले जातात तेव्हा तिचा विशेष उपयोग होतो. कागद वाटेत हरवले तर त्याच प्रतीवरून विषय पुढे नेता येतो. टपाल दिल्याची पोच किंवा हाती दिले असेल तर घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्यावी.

एवढे करूनही एखादी शंका आलीच, तर दिलेल्या टिपणावर खाडाखोड करू नये आणि नवे पान घालून जुने काढूनही घेऊ नये. मूळ टिपणाचा दिनांक व बिलाची रक्कम लिहून ‘पूरक खुलासा’ म्हणून वेगळा कागद द्यावा, त्यात विचारलेल्या मुद्द्याचेच उत्तर द्यावे आणि तो मूळ संचाला जोडायला सांगावे. आकडा चुकला असेल तर चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ ओढून शेजारी बरोबर आकडा लिहावा, तिथे सही व तारीख करावी आणि व्यवस्थापकांचीही लघुसही घ्यावी. व्हाइटनर लावलेला आकडा लेखापरीक्षक मान्य करत नाहीत.